पहिला महिना : नव्या कार्यकर्त्याला कामात कसं घ्यायचं

(तालुक्याच्या शिबिरात जुन्या कार्यकर्त्यांपुढं केलेलं बोलणं. बोललं तसंच ठेवलं आहे, लांबलेलं तेवढं कमी केलं आहे.)



नवीन माणूस संघटनेत आला की आपण काय करतो? हार घालतो, टाळ्या वाजवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात पिशवी देऊन तहसीलला पाठवतो. "जा, शिकशील आपोआप." मीपण असंच केलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगतो.

दहावीपर्यंत शिकलेला एक पारध्याचा पोरगा आपल्यात आला. हुशार, अक्षर चांगलं. तिसऱ्याच दिवशी मी त्याच्याकडं तीन घरांच्या अतिक्रमणाच्या नोटिसा दिल्या आणि म्हणलं, "तारखेला हजर राहा, म्हणणं दे." तो गेला. तिथं कुणीतरी त्याला म्हणलं, "साहेब नाहीत, पुढची तारीख कळवू." तो परत आला. पुढची तारीख कुणी कळवली नाही. त्यानं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी भेटलो की म्हणायचो, "काय रे, जमतंय का?" तो म्हणायचा, "व्हय, जमतंय." दीड महिन्यानं कळलं की कागदावर तिन्ही घरं गैरहजर आहेत आणि अतिक्रमण काढायचा हुकूम झालाय. उभ्या ज्वारीत जनावरं घातली गेली. तो पोरगा त्या दिवसापासून वस्तीवरच्या लोकांना तोंड दाखवत नव्हता, आणि पुढं ऊसतोडीला गेला तो संघटनेत परत आलाच नाही.

चूक त्याची नव्हती. ज्या कामात तारीख चुकली की दुरुस्ती नाही, ते काम मी तीन दिवसांच्या माणसाला दिलं. आणि "जमतंय का" ह्या प्रश्नाला आपल्याकडं "नाही" असं उत्तर कुणी देत नाही. मोठ्या माणसाला "मला समजलं नाही" म्हणायची लाज वाटते.

तेव्हापासून आम्ही पहिल्या महिन्याची एक रीत धरली. नव्या माणसाला द्यायचं काम असं, की चुकलं तर आठ दिवसांत दुरुस्त करता येईल. आणि भेटल्यावर विचारायचं नाही, बघायचं. वही बघायची, कागद बघायचा. यंदा गायरानावरच्या तेवीस घरांच्या वस्तीतली एक ताई कामात आली. सातवीपर्यंत शिकलेली. ती इथंच बसलीय, तिला विचारूनच तिच्या महिन्याचं सांगतो.

पहिला आठवडा : फक्त यादी

पहिल्या आठवड्यात तिनं कचेरीचं तोंड बघितलं नाही. काम एकच, आपल्याच वस्तीची यादी. वहीत पाच रकाने आखले : कसणाऱ्याचं नाव बापाच्या नावासकट, गट नंबर, किती जमीन, कधीपासून कसतो, आणि घरात कागद काय आहेत. बापाचं नाव कशाला, असं तिनं विचारलं. वस्तीत एकाच नावाचे दोन काळे असतात, एकाच नावाचे दोन पवार असतात. बापाचं नाव आणि घरातलं हाक मारायचं नाव दोन्ही नसेल, तर एकाची पावती दुसऱ्याच्या फाइलीत जाते.

पहिल्या दिवशी दोन घरं मी विचारली, ती ऐकत बसली. दुसऱ्या दिवशी दोन घरं तिनं विचारली, मी गप्प बसलो. मला मधे बोलायची लई खाज, पण जीभ दाताखाली धरली. तिसऱ्या दिवसापासून ती एकटी, दिवसाला चारच घरं. आणि रोज दिवेलागणीला दहा मिनिटं तिची वही उघडून बघायची. पहिल्या आठवड्यात रोज बघायचं, कारण सवय लागते ती ह्याच आठवड्यात. चौथ्या दिवशी वही बघितली तेव्हा नऊ नावांपुढं तिनं नुसतं "१९९०" लिहिलं होतं.

आता इथं थोडं थांबून सांगतो, कारण ही चूक जुन्यांचीपण होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात मागासवर्गीय भूमिहीनांचं गायरानावरचं शेतीचं अतिक्रमण नियमित करायचं म्हणलंय, पण ते १४ एप्रिल १९९० पर्यंतचं. म्हणजे रेघ वर्षाच्या मधून जाते. "१९९०" लिहिलं तर माणूस रेघेच्या अलीकडं आहे का पलीकडं, हे कळतच नाही. आणि तीच यादी उद्या पंचनाम्याला जोडली, तर समोरचा म्हणणार, "तुम्हीच लिहिलंय नव्वद, आम्ही जून धरतो."

मी तिला रागावलो नाही. शासन निर्णयाची गोष्ट तिला आधी मीच सांगितली नव्हती. नव्या माणसाला चूक दिसायच्या आत त्या नियमाचं कारण सांगितलं तर ते डोक्यात राहत नाही, पण चूक हातात असताना सांगितलं तर जन्मभर राहतं. तिला म्हणलं, साल विचारू नको, पीक विचार. आपल्याकडं रब्बी ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि काढतात फेब्रुवारी-मार्चला. ज्यानं त्या जमिनीतली पहिली ज्वारी १९९० च्या सुगीत काढली, त्याचा ताबा एप्रिलच्या आधीचा. ज्यानं त्या पावसाळ्यात पहिला नांगर घातला, त्याचा नंतरचा. अजून एक खूण दिली : फेब्रुवारी १९९० मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. "मतं टाकली तवा रानात ज्वारी उभी होती का?" असं विचार. आणि नवऱ्याला वेगळं विचार, बाईला वेगळं विचार. बाया लेकरांच्या जन्मावरून सांगतात, त्यांचा हिशोब पक्का असतो.

ती परत गेली. नऊपैकी सहा घरांनी ती ज्वारी काढलेली निघाली. दोघांनी पहिला नांगर पावसाळ्यातच घातलेला. आणि एका घरात नवरा म्हणाला आधी, सासू म्हणाली नंतर. तिनं मला विचारलं, "दादा, ह्या तिघांचंपण आधीचं लिवू का? आपलीच माणसं हायेत."

नाही लिहायचं. खोटं पाप म्हणून नव्हे, व्यवहार म्हणून सांगतो. पंचनाम्याला शेजारच्या रानातली माणसं असतात, कुणी कधी नांगर घातला हे गावाला माहीत असतं. एक खोटं उघडं पडलं की बाकीच्या वीस घरांची खरी यादी खोटी ठरते. दोन घरांपुढं "पावसाळा १९९०" लिहिलं, तिसऱ्यापुढं "मेळ नाही" लिहिलं. त्यांचा लढा सोडायचा नाही, पण त्यांची मागणी वेगळी मांडायची. हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळलं पाहिजे, कारण लोक सगळ्यात आधी त्यालाच म्हणणार, "माझं तेवढं आधीचं लिव."

दुसरा आठवडा : एक पोच आणायची

दुसऱ्या आठवड्यातपण काम एकच. तलाठ्याकडं अर्ज द्यायचा आणि पोच आणायची. गायरानावर कोण कसतो ह्याची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये असते, ती अतिक्रमणाची नोंदवही. त्या नोंदवहीतल्या वस्तीपुरत्या नोंदींची नक्कल मागायचा अर्ज. अर्ज तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला, दोन प्रती. एक तिथं द्यायची, दुसरीवर सही, तारीख आणि शिक्का घ्यायचा. त्याला पोच म्हणतात, आणि पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजायचं.

तिच्याबरोबर एक जुना कार्यकर्ता गेला, पण तो बाहेर लिंबाखाली बसला. आत ती एकटी. तलाठी म्हणाले, "ठेवून जा, बघतो." ती ठेवून आली. बाहेर आल्यावर जुन्यानं एवढंच विचारलं, "दुसरी प्रत दाखव." कोरी होती. "आता परत जा, आणि म्हण, पोच द्या, नाहीतर स्पीड पोस्टानं पाठवते." ती गेली, उभी राहिली, पोच घेऊन आली. ही चूक आठ मिनिटांत दुरुस्त झाली, कारण बघणारा जवळ होता आणि काम लहान होतं. हीच चूक अपिलाच्या कागदात झाली असती तर?

पारध्याच्या पोराला किंवा बाईला एकटं पाठवताना अजून एक बघायचं, आणि हे बिगर-पारधी कार्यकर्त्यांनी नीट ऐका. आपल्या लोकांवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ साली गेला, पण नजर गेली नाही. परक्या गावात पारधी दिसला की विचारपूस होते. नवीन माणूस "गेलो नाही" म्हणाला तर तो आळशी आहे असं धरू नका. आधी विचारा, कुठल्या रस्त्यानं जावं लागतं, किती वाजता परत येणार, रस्त्यात कोण भेटतं. आमच्या ताईला आम्ही पहिल्या दिवसापासून संघटनेचं शिक्का मारलेलं पत्र दिलं, आणि दिवस मावळायच्या आत वस्तीवर परत, असा नियम केला.

तिसरा आठवडा : ताळा करायचा, बोलायचं नाही

नक्कल मिळाली. आता काम असं, की तिची यादी आणि एक-ईची नक्कल शेजारी ठेवायची आणि एकेक नाव जुळवायचं. जुळलं तिथं बरोबरची खूण, जुळलं नाही तिथं फुली. आणि एक ताकीद : बाजारच्या दिवशी भेटेपर्यंत वस्तीवर कुणाशी बोलायचं नाही.

ही ताकीद का? ऐका. दुसऱ्याच दिवशी ती धावत माझ्या घरी आली. म्हणाली, "दादा, तलाठ्यानं समद्यांची जमीन खाल्ली! आमच्या चुलत्याची दोन एकर हाय आणि कागदावर पाऊण बी न्हाई!" मी कागद बघितला. ० हेक्टर ८१ आर लिहिलं होतं.

कागद हेक्टर-आरमध्ये असतो, आपण एकर-गुंठ्यात बोलतो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे जवळजवळ ४० आर. आर आणि गुंठा अगदी थोड्या फरकानं सारखेच. म्हणजे ८१ आर म्हणजे दोन एकरच. तिनं शून्य बघितलं आणि घाबरली. मी तिला तिथंच बसवलं, आणि तेवीस नोंदी तिच्याच हातानं एकरात करायला लावल्या : आरचा आकडा घे, चाळीसनं भाग. एकवीस जुळल्या. दोन खरंच कमी होत्या. एकाची दीड एकर, कागदावर ४० आर, म्हणजे एकच एकर. दुसऱ्याचं नावच नव्हतं.

आता विचार करा. ती माझ्याकडं न येता वस्तीवर बोलली असती, तर तेवीस घरं तलाठ्याच्या दारात उभी राहिली असती. एकवीस घरांची तक्रार चुकीची निघाली असती, आणि खऱ्या दोघांचं कुणी ऐकलं नसतं. तिचा शब्द वस्तीत कायमचा पडला असता. नवा माणूस रागात येतो, तो राग आपल्याला पाहिजेच आहे. पण आकडा तपासून मग राग, हा क्रम त्याच्या अंगी तिसऱ्या आठवड्यात बसला पाहिजे.

ज्याचं नाव नव्हतं त्याच्या घरी ती पुन्हा गेली, कागद शोधायला. दंडाच्या पावत्या सापडल्या नाहीत. पण पत्र्याच्या पेटीत जुन्या भांडणाचा एक कागद निघाला. गायरान नांगरलं म्हणून त्याच्यावर केस झाली होती, १९८८ ची. तो कागद लाजेनं लपवून ठेवला होता. ती मला म्हणाली, "हे तर त्याच्या विरुद्धचं हाय." मी म्हणलं, नाही ताई, हे त्याच्या बाजूचं आहे. १९८८ साली त्यानं तीच जमीन नांगरली, असं समोरच्यानंच लिहून दिलंय. ताब्याचा ह्यापेक्षा चांगला पुरावा कोणता? फक्त गट नंबर तोच आहे का ते बघायचं. बघितला, तोच होता.

चौथा आठवडा : एक फाइल आणि एक बैठक

चौथ्या आठवड्यात तिच्याकडं एकच घर दिलं, तेच नाव नसलेलं. अर्ज, जुन्या केसच्या कागदाची नक्कल, शेजाऱ्यांचे जबाब, सगळं एका फाइलीत लावायचं, वर कागदांची यादी लिहायची. आणि शनिवारी रात्री वस्तीच्या बैठकीत तिनंच सगळ्यांची यादी मोठ्यानं वाचून दाखवायची, पारधी बोलीत. वाचताना दोघांनी उठून दुरुस्ती सांगितली. ती गांगरली नाही, तिथंच वहीत लिहून घेतलं. महिनाभर आम्ही तिला तपासत होतो, शेवटी वस्तीनं तपासलं. कार्यकर्ता तयार झाला की नाही, हे ह्या बैठकीत कळतं. वाचताना तो म्हणाला, "मला वाटतं एवढीच असंल," तर अजून आठ दिवस थांबायचं. "थांबा, वहीत बघते," म्हणाली तर समजायचं, झाली.

जबाब घेताना तिला एक गोष्ट पक्की सांगितली. कोऱ्या कागदावर कुणाचा अंगठा घ्यायचा नाही, संघटनेच्या मोठ्या माणसानं सांगितलं तरी नाही. आधी लिहायचं, वाचून दाखवायचं, मग अंगठा.

पहिल्या महिन्यात काय द्यायचं नाही, तेपण सांगून ठेवतो. तारखेची नोटीस द्यायची नाही. वर्गणीचे पैसे द्यायचे नाहीत, कारण पाच रुपयांचा मेळ बसला नाही तरी माणूस बदनाम होतो. पोलिसात एकट्यानं जायला लावायचं नाही. ही तीन कामं जुन्या माणसाबरोबर बघायला न्यायची, करायला नाही.

भेटीचं

पहिल्या आठवड्यानंतर रोजची भेट लागत नाही. आठवड्याला दोनदा, त्यातली एक बाजारच्या दिवशी ठरल्या जागी, कारण बाजाराला माणूस येतोच. भेटीत तीन गोष्टी. आधी वही उघडायची. मग विचारायचं, "कोणत्या घरात सगळ्यात जास्त वेळ लागला?" ह्याला "जमतंय" असं उत्तर देता येत नाही, अडलेलं आपोआप बाहेर येतं. शेवटी पुढचं एकच काम ठरवायचं आणि ते त्याच्या वहीत त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं. अर्धा तास पुरतो. आणि ही भेट चुकवायची नाही. नवीन माणूस चुकला तर आपण बोलतो. आपण दोन भेटी चुकवल्या तर तो बोलत नाही, तो हळूहळू यायचा बंद होतो.

ह्या रीतीलापण मर्यादा आहेत. जुना माणूस एका वेळी एकालाच, फार तर दोघांना असं सांभाळू शकतो. चार जण एकदम घेतले की वह्या बघणं होत नाही, नुसतं विचारणं होतं, आणि आपण परत "जमतंय का" वर येतो. दुसरं, महिना कोणता धरायचा ते बघा. दिवाळीनंतर निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, यादी करायची कुणाची? मार्च अखेरीला तलाठी वसुलीत असतात, नक्कल मिळत नाही. पाडव्यानंतर पेरणीच्या आत, हा महिना चांगला. तिसरं, ज्या दिवशी माणूस आपल्या कामाला येतो त्या दिवशी त्याची मजुरी बुडते. म्हणून पहिल्या महिन्यात काम दिवसाला दोन-तीन तासांचंच द्यायचं, सकाळी नाहीतर संध्याकाळी. उपाशी घराचा कार्यकर्ता टिकत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

आता पुढं. पुढच्या पाडव्यानंतर ताई स्वतः एका नव्या माणसाला घेणार आहे, शेजारच्या वस्तीवरच्या पोराला. तिनं मला विचारलं, "दादा, मी काय शिकवू त्याला?" मी म्हणलं, तुझी पहिल्या आठवड्याची वही दे त्याच्या हातात, ते खोडलेलं "१९९०" तसंच ठेव.

आणि तो पहिला पोरगा ऊसतोडीवरून आलाय असं कळलंय. उद्या मी त्याच्या वस्तीवर जाणार आहे. त्याला सांगणार आहे की चूक माझी होती, आणि सोबत एक कोरी वही नेणार आहे.

जिंदाबाद.